फीच्या तारखेआधीची गैरहजेरी

महिन्याच्या फीवर चालणाऱ्या जिममधून सभासद जातो तेव्हा तो सहसा तसे सांगत नाही. फीची तारीख येते, रिसेप्शनवरून आठवण केली जाते, 'या आठवड्यात भरतो' असे उत्तर मिळते आणि पुढे फोन उचलला जात नाही. व्यवसायाच्या भाषेत या गळतीला 'चर्न' म्हणतात. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या आसपास, म्हणजे फेज १ ते ३, माण, मारुंजी आणि वाकड या पट्ट्यात ती समजून घेणे जास्त अवघड आहे. इथला ग्राहक बराचसा नोकरदार, भाड्याने किंवा पीजीत राहणारा आणि नोकरीबरोबर घर बदलणारा आहे. त्यामुळे कंटाळून सोडणारा कोण आणि परिस्थितीमुळे जाणारा कोण हे फीच्या वहीवरून कळत नाही. हजेरीच्या नोंदीवरून मात्र बरेचसे कळते, आणि तेही फीच्या तारखेआधी.

गेला असे कधी म्हणायचे?

वर्षाचे पॅकेज घेतलेल्याची मुदत ठरलेली असते. महिन्याच्या सभासदाचे तसे नसते. दहा तारखेला फी द्यायची असेल तर कोणी आठ तारखेला देतो, कोणी पगारानंतर, तर कोणी गावाहून परतल्यावर. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी व्याख्या ठरवावी लागते. फीच्या तारखेनंतर १५ दिवसांत फी आली नाही तर सभासद गेला असे धरणे सोयीचे पडते. आकडा १० असो वा २०, तो दर महिन्याला तोच ठेवणे महत्त्वाचे. नाहीतर एका महिन्यात गळती कमी झालेली दिसते, पण प्रत्यक्षात फक्त मोजण्याची पद्धत बदललेली असते.

दर काढण्याचे गणित साधे आहे. महिन्यात ज्यांची फी देय होती त्यांपैकी किती जण गेले, त्याची टक्केवारी. उदाहरणासाठी ४०० सभासद आणि महिना १,५०० रुपये फी असलेली जिम घेऊ. दर महिन्याला १० टक्के म्हणजे ४० जण जात असतील आणि ४० नवे येत असतील, तर संख्या ४०० वरच थांबते. नवे येणारे तेवढेच राहिले आणि गळती ८ टक्क्यांवर आली, तर संख्या हळूहळू ५०० पर्यंत चढून तिथे स्थिरावते, कारण ५०० चे ८ टक्के म्हणजे पुन्हा ४०. हा बदल एका महिन्यात होत नाही, त्याला दोनेक वर्षे लागतात. पण तिथे पोहोचल्यावर जाहिरातीचा खर्च न वाढवता महिन्याला दीड लाख रुपयांची जास्तीची फी येत राहते.

या सरासरीत एक गोष्ट झाकली जाते. दोन वर्षे टिकलेला सभासद आणि मागच्या महिन्यात जिम लावलेला सभासद यांची जाण्याची शक्यता सारखी नसते. गळतीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतला असतो. जानेवारीत नव्यांची गर्दी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये एकूण दर आपोआप वाढतो, मग जिममध्ये काही बिघडलेले असो वा नसो. म्हणून प्रत्येक महिन्यात आलेल्यांचा गट वेगळा धरावा आणि त्यातले किती जण तिसऱ्या महिन्यात फी भरतात, किती सहाव्या, हे पाहावे. गळती खरोखर कमी झाली की नाही, ते या तुलनेतून कळते.

आधी पाय थांबतात, मग पैसे

हजेरी आणि फी यांच्यात किती अंतर असू शकते याचा प्रसिद्ध अभ्यास स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी देणारे लोक महिन्यातून सरासरी चारपेक्षा थोडे जास्त दिवस येत होते. त्यांना एका दिवसाचा व्यायाम १७ डॉलरहून जास्त पडत होता, आणि दहा भेटींचा पास घेतला तर त्याच क्लबमध्ये एक भेट १० डॉलरात पडत होती. शेवटची हजेरी आणि सभासदत्व रद्द करणे यांत सरासरी २.३१ पूर्ण महिने गेले होते. पैसे कार्डावरून आपोआप कापले जात असल्याने न येणारा माणूसही भरत राहिला.

हिंजवडीतल्या ज्या जिममध्ये फी काउंटरवर, रोखीने किंवा यूपीआयने दिली जाते, तिथे हे अंतर आखडते. दर महिन्याला सभासदाला नव्याने ठरवावे लागते की पैसे द्यायचे की नाही. स्वयंचलित पेमेंट लावलेले असले तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. तीन आठवडे जिमचे तोंड न पाहिलेल्याला तो मेसेज आला की सभासदत्व बंद करण्याची आठवणही त्यातूनच होते. त्यामुळे न येणाऱ्यांच्या फीवर जिम चालवण्याचा हिशेब इथे फार काळ टिकत नाही. हाती उरतात ते नियमितपणा मोडल्यापासून फीच्या तारखेपर्यंतचे दिवस, साधारण दोन ते तीन आठवडे. फी चुकल्यावर केलेला फोन हा वसुलीचा फोन असतो, आणि तोवर त्या माणसाने संध्याकाळचा तो तास दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकलेला असतो.

प्रत्येकाची तुलना स्वतःशी

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे सभासदाच्या स्वतःच्या लयीत पडलेला खंड. सात दिवस न आलेल्या सगळ्यांची यादी काढणे ही इथली नेहमीची चूक. सोमवार, बुधवार, शुक्रवार येणाऱ्यासाठी सात दिवस म्हणजे तीन वेळा चुकवणे. फक्त शनिवार-रविवार येणाऱ्याच्या बाबतीत एक शनिवार लग्नाला आणि रविवार प्रवासात गेला, तर तेरा दिवसांचा खंड पडतो, आणि त्यात काळजीचे कारण नसते. एकच नियम दोघांना लावला तर पहिल्याची खूण उशिरा पोहोचते आणि दुसऱ्याला विनाकारण फोन जातो.

त्यावर सोपा उपाय म्हणजे शेवटचे १४ दिवस आणि त्याआधीचे २८ दिवस यांची तुलना. पंचिंग मशीनमधून निघणाऱ्या यादीत सभासद क्रमांक आणि तारीख एवढे दोनच रकाने लागतात. क्रमांक A या रकान्यात, तारीख B मध्ये आणि ज्याची चौकशी करायची त्याचा क्रमांक E2 मध्ये ठेवला, तर स्प्रेडशीटमधली दोन सूत्रे पुरतात. पहिले शेवटच्या १४ दिवसांची हजेरी देते, दुसरे त्याआधीच्या २८ दिवसांची.

```
=COUNTIFS(A:A,E2,B:B,">"&TODAY()-14)
=COUNTIFS(A:A,E2,B:B,">"&TODAY()-42,B:B,"<="&TODAY()-14)
```

दुसऱ्या आकड्याचा निम्मा म्हणजे त्या सभासदाचा नेहमीचा पंधरवडा. पहिला आकडा त्याच्याही निम्म्याहून खाली गेला की नाव यादीत घ्यायचे. यादी काढण्याआधी एकाच दिवसाच्या दुहेरी नोंदी काढून टाकाव्या लागतात. मशीनने अंगठा पटकन ओळखला नाही की माणूस दोन-तीनदा लावतो, आणि काही मशीन येताना व जाताना अशा दोन्ही वेळा नोंद करतात. ही साफसफाई राहिली तर आठवड्यातून एकदाच आलेला सभासद तीनदा आल्यासारखा दिसतो. मित्रामागून दार उघडे असताना आत शिरणारे नोंदीतच येत नाहीत, आणि रोज येणाऱ्या माणसाला 'बरेच दिवस दिसला नाहीत' असा फोन जातो. दारावरची शिस्त पाळली जात नसेल तर ही पद्धत चालत नाही.

एक सभासद जवळून

समजा, फेज २ मधल्या कंपनीत काम करणारा आणि मारुंजीत राहणारा एक सभासद सात महिन्यांपासून येतो आहे. मागच्या सहा आठवड्यांतली त्याची हजेरी अशी: ४, ४, ३, ४, २, १. शेवटच्या १४ दिवसांत तो तीनदा आला. त्याआधीच्या २८ दिवसांत पंधरादा, म्हणजे पंधरवड्याला साडेसात वेळा. निम्मी रेघ पावणेचारवर येते आणि तीन हा आकडा तिच्याखाली आहे, म्हणून नाव यादीत. फीची तारीख अकरा दिवसांवर आहे.

नोंदीकडे आणखी नीट पाहिले तर दुसरी गोष्ट दिसते. पूर्वी त्याचा अंगठा साडेसातच्या सुमारास लागत असे. हजेरी कमी होण्याच्या दोन आठवडे आधीपासून तो नऊ-सव्वानऊला लागू लागला. वेळ सरकणे ही हजेरी घटण्याच्या आधीची पायरी असते. मीटिंग उशिरापर्यंत चालू लागली असेल, किंवा आठच्या गर्दीत स्क्वॉट रॅक मिळेना म्हणून तो उशिरा येऊ लागला असेल. साडेदहाला जिम बंद होणार आणि घरी जाऊन जेवायचे, या घाईत व्यायाम अर्धवट होतो. अर्धवट व्यायामासाठी येण्यात अर्थ वाटेनासा होतो आणि मग दिवस चुकू लागतात.

फीच्या वहीतही त्याची खूण सापडते. तीन महिन्यांपूर्वी त्याने फी तारखेच्या आदल्या दिवशी भरली होती, नंतर दोन दिवस उशिरा, मागच्या वेळी सहा दिवस उशिरा. एखादा सभासद नेहमीच सहा दिवस उशिरा भरत असेल तर ती त्याची सवय. पण उशीर वाढत चालला असेल तर पैसे देताना तो विचारात पडू लागला आहे. महिन्याच्या फीच्या जिमला ही माहिती आपोआप मिळते. वार्षिक पॅकेजवाल्यांना ती मिळतच नाही.

मशीन आणि वही यांना न दिसणारे फ्लोअरवरच्या ट्रेनरला दिसते. वजने न वाढवता तेच तेच करणे, लेग डे टाळून ट्रेडमिलवर वीस मिनिटे चालून निघून जाणे, शेड्यूलचे कार्ड मागायचे सोडून देणे, ज्या मित्राबरोबर यायचा तो मित्र दिसेनासा होणे. यातली जोडीची खूण विशेष ध्यानात ठेवावी. दोघे मिळून जिम लावतात तेव्हा एक जण थांबला की दुसऱ्याचे नावही यादीत घालावे, त्याची हजेरी अजून पडली नसली तरीही. ट्रेनरने शिफ्ट संपताना अशी दोन-तीन नावे वहीत लिहिली तर मशीनच्या यादीला चांगला आधार मिळतो.

नव्या सभासदाला लय नसते

पहिल्या दीड महिन्यातल्या सभासदाला वरची तुलना लावता येत नाही, कारण तुलनेसाठी त्याचा पूर्वीचा काळच नाही. त्याच्यासाठी सरळ मोजणी करावी लागते. नवीन कौशल आणि रायन ऱ्होड्स यांनी कॅनडात १११ नव्या जिम सभासदांचा बारा आठवडे मागोवा घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, व्यायामाची सवय बसण्यासाठी आठवड्यातून किमान चार वेळा आणि तेही सहा आठवडे यावे लागते, असे दिसले. हा आकडा प्रत्येकाला तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण पहिल्या दीड महिन्यात किती बारकाईने लक्ष द्यायचे ते त्यावरून ठरवता येते.

यातले पहिले दहा दिवस सर्वांत नाजूक. जिम लावलेला माणूस पहिल्या दिवशी उत्साहात असतो आणि मोकळा सोडला तर पायांचा भरपूर व्यायाम करून बसतो. सवय नसलेल्या व्यायामाने स्नायू लगेच दुखत नाहीत. दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि एक ते तीन दिवसांत टोकाला जाते. जिना उतरताना गुडघे धरावे लागतात, तो दोन दिवस येत नाही, मग शनिवार-रविवार येतो आणि सोमवारी 'आता पुढच्या आठवड्यापासून' असे होते. म्हणून नव्याच्या बाबतीत तीन दिवस सलग न येणे हीच खूण धरावी आणि चौथ्या दिवशी विचारपूस व्हावी. त्याहून चांगले म्हणजे पहिल्या आठवड्यात वजन आणि सेट जाणूनबुजून कमी ठेवणे आणि अंग दुखेल, तरी हलका व्यायाम करायला या, असे आधीच सांगून ठेवणे.

हिंजवडीचे पंचांग

एकट्या सभासदाची घट आणि सगळ्या जिमची घट यांत फरक करावा लागतो. दिवाळीत विदर्भ, मराठवाडा, खानदेशातली मंडळी गावी जातात, गणपतीत कोकणातली. पावसाळ्यात शिवाजी चौक किंवा भूमकर चौकात वाहने अडकली की ऑफिसातून निघालेला माणूस जिमच्या वेळेत पोहोचत नाही. अशा पंधरवड्यात वरचे सूत्र चालवले तर अर्धी जिम यादीत येते आणि यादीचा काही उपयोग राहत नाही.

म्हणून तीच तुलना आधी पूर्ण जिमसाठी करावी. एकूण हजेरी नेहमीच्या ७० टक्क्यांवर आली असेल आणि एखाद्याची हजेरी त्याच्या नेहमीच्या ५० टक्के असेल, तर ५० ला ७० ने भागून त्याची खरी हजेरी नेहमीच्या ७१ टक्क्यांवर येते. म्हणजे निम्म्याची रेघ त्याने ओलांडलेली नाही आणि नाव यादीत घ्यायचे कारण नाही. उलट सगळी जिम भरलेली असताना निम्म्यावर आलेला सभासद नक्की विचारण्याजोगा.

आठवड्यातले काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घरून काम, अशी पद्धत असलेल्यांचे गणित आणखी वेगळे. कोथरूड किंवा औंधला राहणारा माणूस हिंजवडीच्या जिमला येतो तो ऑफिसच्या दिवशीच. कंपनीने ऑफिसचे दिवस बदलले की त्याची हजेरी बदलते, व्यायामाची इच्छा मात्र तीच असते. म्हणून प्रवेश अर्जावर राहण्याचा भाग, ऑफिसचे दिवस आणि शिफ्ट या तीन गोष्टी लिहून घेतल्या तर पुढे यादी वाचताना पुष्कळ तर्क वाचतात.

यादीतली नावे एका जागी गोळा होत असतील तर प्रश्न सभासदांचा नसतो. संध्याकाळी सात ते नऊच्या वेळेतलीच बहुतेक नावे असतील तर गर्दी, बंद पडलेली मशीन किंवा एसी तपासावा. एकाच ट्रेनरकडचे बरेच जण असतील, तर त्याने नोकरी सोडली किंवा त्याची वेळ बदलली का ते पाहावे. वीस जणांना वेगवेगळे फोन करण्यापेक्षा नादुरुस्त केबल मशीन दुरुस्त केलेले बरे.

विचारायचे कसे

खूण दिसल्यावर तीन-चार दिवसांत संपर्क व्हायला हवा आणि तो शक्यतो ज्याने शेड्यूल दिले त्या ट्रेनरने करावा. रिसेप्शनवरून आलेला फोन फीचा वाटतो. बोलण्यात फीचा विषय येऊ नये आणि गैरहजेरीचा हिशेबही मांडू नये. 'सर, नऊनंतर येता तेव्हा वेळ पुरत नसेल. पाऊण तासाचं शेड्यूल करून ठेवलंय, रॅक लागणार नाही असं. उद्या आलात की दाखवतो,' एवढा व्हॉट्सॲप मेसेज वरच्या सभासदाला पुरेसा आहे. त्यात अडचण ओळखलेली आहे, तोडगा आहे आणि उद्याचा दिवस आहे. 'वी मिस यू' छापाच्या सामूहिक मेसेजमध्ये यांपैकी काहीच नसते.

उत्तरावरून पुढचा मार्ग ठरतो. वेळेची अडचण असेल तर बॅच किंवा शेड्यूल बदलावे. दुखापत असेल तर डॉक्टरांनी होकार देईपर्यंत सभासदत्व थांबवून ठेवण्याची सोय द्यावी. गावी किंवा ऑनसाइट जाणार असेल तरी तेच, फक्त परतीची तारीख लिहून घ्यावी आणि त्या दिवशी मेसेज करावा. तारीख न घेता थांबवलेले सभासदत्व बहुधा पुन्हा सुरू होत नाही. खराडीला नोकरी लागून घर बदललेल्याला मात्र शुभेच्छा देऊन मोकळे करावे, त्याच्यासाठी सवलत वाया जाते.

सवलत हे पहिले हत्यार नसावे, याला आणखी एक कारण आहे. दोन आठवडे न आल्यावर फी कमी होते हे लॉकर रूममध्ये लवकर पसरते, आणि मग नियमित येणारेही थांबून पाहतात. त्यापेक्षा चुकवल्यानंतर परत येण्याला छोटे बक्षीस देणे बरे, आणि ते परिणामकारक ठरल्याचा पुरावा आहे. कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या '२४ अवर फिटनेस' या साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर ५४ निरनिराळे उपाय चार आठवडे करून पाहिले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४५ टक्के उपायांनी आठवड्याची हजेरी ९ ते २७ टक्क्यांनी वाढवली. सर्वांत वरचा उपाय होता, ठरलेला व्यायाम चुकल्यावर परत येणाऱ्याला काही पैशांच्या मोलाचे जादा गुण देणे. पण चार आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावर परिणाम टिकलेला दिसला तो केवळ ८ टक्के उपायांचा. म्हणजे बक्षीस माणसाला दारापर्यंत आणते, तो टिकतो ते वेळ, शेड्यूल आणि ट्रेनर जमले तर.

फोनचा उलटा परिणाम

संपर्क केल्याने नुकसानही होऊ शकते. इव्हा अस्कार्झा, रघुराम अय्यंगार आणि मार्टिन श्लायशर यांनी २०१६ मध्ये एका मोबाइल कंपनीतला प्रयोग मांडला. ग्राहक जाऊ नयेत म्हणून काहींना त्यांच्या फायद्याचा प्लॅन सुचवण्यात आला. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यातले ६ टक्के गेले, ज्यांना सुचवले त्यांच्यातले १० टक्के. आपण किती वापरतो आणि किती भरतो, याचा विचार त्या सूचनेनेच सुरू करून दिला. 'या महिन्यात तुम्ही फक्त तीनदा आलात' असा मेसेज जिममध्येही तेच काम करतो.

म्हणून आपले फोन उपयोगी पडतात की नाही हे जिमने स्वतः तपासावे. यादीतल्या सम क्रमांकाच्या सभासदांशी संपर्क करायचा, विषम क्रमांकाच्यांशी करायचा नाही, आणि दोन्ही गटांतल्या किती जणांनी पुढची फी भरली ते पाहायचे. तीस-तीस जणांच्या गटात चार-पाच जणांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, त्यामुळे एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच महिन्यांची बेरीज झाल्यावर चित्र स्पष्ट होते. विषम क्रमांकाच्या सभासदांना मुद्दाम सोडून देणे मालकाला जड जाते, पण त्यांच्याशिवाय परत आलेला माणूस फोनमुळे आला की येणारच होता, हे ठरवता येत नाही.

यादी स्वतः किती चांगली आहे याचीही तपासणी लागते, आणि ती सुरुवातीला कोणालाही फोन न करता एक महिना चालवून करता येते. समजा, ४०० पैकी ६० नावे यादीत आली आणि महिनाअखेर एकूण ४० जण गेले, त्यांपैकी ३३ यादीतले होते. म्हणजे यादीतल्या ६० पैकी ५५ टक्के खरोखर गेले आणि गेलेल्या ४० पैकी ८२.५ टक्के आधी दिसले होते. निम्म्याची रेघ वर नेऊन दोन तृतीयांशावर ठेवली तर जाणाऱ्यांपैकी आणखी काही सापडतील, पण विनाकारण फोनही वाढतील. रेघ कुठे ठेवायची हे ट्रेनरकडे किती वेळ आहे त्यावर ठरते. महिन्याला ६० जण म्हणजे दिवसाला दोन मेसेज, हे दोन ट्रेनरना सहज झेपते. दीडशे नावांची यादी झाली की मेसेज सामूहिक होतात आणि सगळा उद्देश बाजूला पडतो.

हजेरीची नोंद ही सभासदाची वैयक्तिक माहिती आहे. भारतात २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख असा की माहिती ज्या कामासाठी घेतली तेच काम तिने व्हावे. म्हणून प्रवेशाच्या वेळी हजेरीवरून विचारपूस केली जाईल हे सांगून, फोन चालेल की मेसेज, कोणत्या वेळी आणि कोणाकडून, हे विचारून घ्यावे. महिला सभासदाला अनोळखी पुरुष ट्रेनरने रात्री दहाला केलेला फोन, कितीही चांगल्या हेतूने केलेला असला, तरी सभासदत्व बंद होण्याचे कारण ठरू शकतो.

इतके करूनही जाणारे जातात. त्यांच्या नावापुढे कारण लिहून ठेवावे: घर बदलले, नोकरी बदलली, दुखापत, वेळ, गर्दी, ट्रेनर, पैसे, दुसरी जिम, कळले नाही. सहा महिन्यांनी या नोंदी मोजल्या की गळतीचे दोन भाग होतात. पहिला स्थलांतराचा, ज्यावर जिमचा ताबा नाही आणि जो हिंजवडीत मोठाच राहणार. दुसरा वेळ, गर्दी आणि ट्रेनरचा, जो हजेरीत आधी उमटतो आणि आटोक्यात आणता येतो. 'कळले नाही' हा रकाना सर्वांत मोठा निघाला, तर खुणा उशिरा पाहिल्या जात आहेत असा त्याचा अर्थ होतो.